बरणीवरचं तेल

मार्चमध्ये घरी पीनट बटरची एक किलोची बरणी आणली. साखर नाही, मीठ नाही. घटकांच्या यादीत फक्त भाजलेले शेंगदाणे. झाकण उघडलं तर वर दोन सेंटिमीटर तेल तरंगत होतं. सासूबाईंनी ते एका वाटीत ओतून घेतलं आणि संध्याकाळी वांग्याच्या भाजीला वापरून टाकलं. भाजी फार छान झाली. पुढे मे महिन्यात बरणीच्या तळाशी पोचलो, तेव्हा मात्र आत पीनट बटर नव्हतंच. घट्ट बसलेला, कोरडा, भुसभुशीत कूट होता आणि तो उकरताना चमच्याची मान वाकली.

हिशेब मांडला तर यात नवल नाही. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो, म्हणजे एक किलोच्या बरणीत साधारण 480 ग्रॅम तेल. बरणीचा व्यास नऊ सेंटिमीटर धरला, तर दोन सेंटिमीटरचा थर सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास भरतो, म्हणजे साधारण 115 ग्रॅम. आम्ही त्या बरणीतलं जवळजवळ पाव हिस्सा तेल काढून घेतलं होतं. हे तेल कारखान्यात वरून ओतलेलं नसतं. ते दाण्यांचंच असतं आणि त्याच्यामुळेच बटर पोळीवर पसरतं.

तेल वर का येतं, हे मिक्सरमध्ये शेंगदाणा चटणी जास्त वेळ फिरवलेल्या कुणालाही अर्धं ठाऊक असतं. आधी कूट होतो, मग त्याचे गोळे भांड्याच्या कडेला चिकटतात आणि आणखी फिरवलं की ‘तेल सुटतं’. दाण्याच्या पेशींत थेंबाथेंबाने कोंडलेलं तेल पेशी फुटल्यावर मोकळं होतं आणि बाकीचे बारीक कण त्यात पोहू लागतात. कण तेलापेक्षा जड असतात, म्हणून हळूहळू खाली बसतात आणि तेल वर राहतं. तिळाची ताहिनीही अशीच. तिळात तेल निम्म्याच्या आसपास किंवा थोडं अधिकच असतं आणि ताहिनी मुळात पातळ, त्यामुळे तिचा गाळ लवकर बसतो. पश्चिम आशियात, जिथे ताहिनी रोजच्या जेवणात असते, तिथे वर तेल आणि खाली घट्ट गाळ हीच बरणीची नेहमीची अवस्था.

मग काही बरण्यांवर तेल का येत नाही? 1920च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जोसेफ रोझफिल्ड यांनी पीनट बटरमध्ये थोडं हायड्रोजनेटेड तेल, आपल्या भाषेत वनस्पती तुपासारखं गोठलेलं तेल, मिसळण्याची रीत रूढ केली. ते एक-दोन टक्के पुरतं. घरातल्या तापमानाला त्याचे स्फटिक होतात, त्यांचं जाळं बनतं आणि दाण्याचं तेल त्यात अडकून बसतं. ‘नॅचरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बरण्यांत हे जाळं नसतं. म्हणजे वर आलेलं तेल बिघाडाची खूण नसून काहीही न मिसळल्याची खूण आहे.

इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक जुनी समजूत मात्र आडवी येते. कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर असला पाहिजे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तो थर फोडींना हवा लागू देत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. त्याच न्यायाने पीनट बटरवरचं तेल ‘राखण’ करत असेल, ते ढवळू नये, असं वाटू शकतं. पण लोणच्यात फोडी ओल्या असतात आणि तेल त्यांना राखतं. पीनट बटरमध्ये ओल जवळजवळ नसतेच. जंतूंना वापरता येईल असं पाणी शून्य ते एक या मापावर मोजतात. बहुतेक रोगजंतूंना वाढायला 0.85च्या वर लागतं आणि 0.6च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. पीनट बटर साधारण 0.3च्या आसपास असतं. तिथे बुरशीचं भय फारसं नाही, नासणारी वस्तू तेलच आहे. लोणच्यात तेल राखणदार असतं, इथे तेलाचीच राखण करावी लागते.

तेल नासतं म्हणजे खवट होतं. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल नावाचा एक घटक असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला सहज बळी पडतो. सुरुवातीला दाण्यातलं ई जीवनसत्त्व हा हल्ला स्वतःवर झेलतं, म्हणून कित्येक आठवडे काहीच जाणवत नाही. ते संपलं की प्रक्रिया एकदम वेग घेते. दोन महिने उत्तम असलेली बरणी पुढच्या पंधरा दिवसांत खवट होते, ती यामुळे. दाण्याचा कूट तर बटरपेक्षाही लवकर खवटतो, कारण त्याच्या सैल कणांमधून हवा खेळत असते. तीळ या बाबतीत नशीबवान. त्यात सेसमॉलसारखे स्वतःचे रक्षक घटक असतात, म्हणून ताहिनी शेंगदाण्यापेक्षा जरा जास्त तग धरते. शेंगदाण्यातही आता ‘गिरनार 4’ आणि ‘गिरनार 5’ असे वाण आले आहेत. त्यांच्या तेलात लिनोलेइक फार थोडं आणि टिकाऊ ओलेइक आम्ल साधारण 80 टक्के असतं.

आता प्रत्यक्ष बरणीकडे. नवी बरणी उघडण्याआधी झाकण घट्ट आहे ना ते बघून ती रात्रभर उलटी ठेवावी. तेल पुन्हा वर चढायला लागतं, पण या वेळी ते बरणीच्या तळाकडे जातं आणि घट्ट बसलेला गाळ थोडा सैल होतो. सकाळी सरळ करून उघडावी आणि लांब, बोथट सुरीने तळापासून वर असं हळूहळू फिरवत जावं. घाई केली तर तेल काठावरून ओघळतं. कडेचा आणि तळाच्या कोपऱ्यातला गाळ सुटेपर्यंत पाच-सात मिनिटं लागतात. गाळ फारच घट्ट असेल, तर बरणी बंद ठेवूनच अर्धा तास कोमट पाण्यात उभी करावी, पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नये. तरीही जमलं नाही, तर सगळं पूर्ण कोरड्या मिक्सरच्या भांड्यात काढून एकदा फिरवावं.

हे ढवळणं पहिल्याच दिवशी, पहिला चमचा काढण्याआधी करायचं. वरवर ढवळून खात गेलं, तर वरचा भाग तेलकट संपतो आणि शेवटी आमच्यासारखा चमचा वाकतो. नीट ढवळल्यावर बरणी फ्रीजमध्ये गेली, की थंडीने तेल दाट होतं, कण बसायला फार वेळ लागतो आणि पुन्हा ढवळायची वेळ क्वचितच येते. बटर कडक झालं, तर लागेल तेवढं वाटीत काढून दहा मिनिटं बाहेर ठेवावं, बरणी ठेवू नये. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, थंड बरणी उघडी राहिली तर आत दव धरतं. कोरड्या बटरमध्ये पाणी शिरायची ती हमखास वाट. दुसरी वाट म्हणजे जॅममधून किंवा दुधातून आलेला ओला चमचा. पाण्याचा थेंब पडलेल्या जागी बुरशी उगवू शकते. बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून बाकीचं खाऊ नये, बरणीच टाकावी.

किती दिवस टिकेल? झाकणावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख न उघडलेल्या बरणीची असते. उघडल्यावर नवं मोजमाप सुरू होतं. हायड्रोजनेटेड तेलाचं पीनट बटर कपाटात सुमारे तीन महिने चांगलं राहतं. नॅचरल बटर फ्रीजमध्ये चार ते सहा महिने ठेवावं आणि बाहेर ठेवायचंच असेल तर महिन्याभरात संपवावं. ताहिनी फ्रीजमध्ये साधारण सहा महिने, कपाटात दोन. हे ठोकताळे आहेत आणि त्यांना मोसम हलवतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खवटण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यातलं 35 अंशांचं स्वयंपाकघर आणि पाच अंशांचा फ्रीज यांच्यात तीस अंशांचा फरक, म्हणजे वेगात जवळजवळ आठपटीचा. घरी केलेल्या बटरलाही हेच लागू. फक्त दाणे भाजून पूर्ण गार झाल्यावरच बरणी बंद करावी, नाहीतर वाफेचं पाणी झाकणाला धरतं. आणि एवढं सगळं ताहिनीला लागू आहे, तिच्या पदार्थांना नाही. लिंबू, लसूण, पाणी घालून तिचं हमस केलं, की तो ओला पदार्थ झाला. तो फ्रीजमध्येही चार-पाच दिवसांचाच.

तारखेपेक्षा नाक अधिक खरं बोलतं. बरणी उघडल्या उघडल्या वास घ्यावा. भाजलेल्या दाण्याचा खमंग वास जाऊन पुठ्ठ्यासारखा, रंगाच्या डब्यासारखा, जुन्या खोबऱ्यासारखा वास आला, की ती खवटायला लागली. शंका असेल तर चमच्याच्या टोकावर चाखावं. शेवटी जिभेच्या मागे बोचरा कडूपणा राहिला, तर संपलं. ताहिनी मात्र मुळातच किंचित कडवट असते, म्हणून नवी बरणी उघडताच चव लक्षात ठेवावी. खवट बटर नव्या बरणीत मिसळून ‘खपवू’ नये. खवटलेलं तेल नव्या तेलालाही लवकर खवटवतं.

पण नाकालाही मर्यादा आहे. बुरकट, सुरकुतलेल्या दाण्यांतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजण्याने पूर्ण जात नाही आणि त्याला वासही नसतो. साल्मोनेला हे जंतू पीनट बटरमध्ये वाढत नसले, तरी कित्येक महिने जिवंत राहतात. 2008-09 साली अमेरिकेत ‘पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’च्या मालातून सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि नऊ जण दगावले. ताहिनीच्या बरण्याही याच कारणाने बाजारातून परत मागवल्या गेल्या आहेत. हे दोष बरणीत आपल्या घरी शिरत नाहीत, कारखान्यातून किंवा कच्च्या दाण्यातून येतात. फ्रीजने ते मरत नाहीत आणि हुंगून कळत नाहीत. घरी बटर करणाऱ्याने भाजण्याआधी दाणे निवडून काळपट, सुरकुतलेले बाजूला काढले, तर त्याच्या हातात असलेलं बरंचसं झालं.

पुढची बरणी आणली तेव्हा ती रात्रभर उलटी ठेवली, सकाळी ढवळली, झाकणावर तारखेची पट्टी लावली आणि फ्रीजमध्ये ठेवली. तेल काढू दिलं नाही, म्हणून सासूबाई जरा नाराज होत्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनीच झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “अजून आहे चांगलं. पण पंधरा दिवसांत संपवा.” पट्टीवरची तारीख त्यांनी पाहिलीही नव्हती. जन्मभर दाण्याचा कूट हुंगून पाहणाऱ्या नाकाचा अंदाज होता तो. आम्ही दहा दिवसांतच बरणी संपवली, आणि तळाशीही चमचा सहज फिरला.