रंग न धरणारे कवच

फ्रेडरिक ग्रिफिथ या ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाच्या जंतूचे, म्हणजे न्यूमोकॉकसचे, दोन प्रकार होते. एकाच्या वसाहती काचेच्या बशीत गुळगुळीत, चकचकीत दिसत, दुसऱ्याच्या खरखरीत. गुळगुळीत जंतू टोचले की उंदीर मरत, खरखरीत टोचले तर उंदरांना काहीही होत नसे. १९२८ साली प्रसिद्ध झालेले हे प्रयोग आज आनुवंशिकतेच्या धड्यात शिकवले जातात. पण उंदीर का मेले, हा प्रश्नही तितकाच रंजक आहे. गुळगुळीत जंतूच्या अंगावर बुळबुळीत शर्करेचे जाड आवरण होते आणि खरखरीत जंतू त्याला मुकलेला होता. या आवरणालाच कॅप्सूल म्हणतात.

रक्तात शिरलेल्या जंतूवर शरीर आधी खूण करते. रक्तातली काही प्रथिने जंतूच्या भिंतीला चिकटतात आणि तो ‘खाण्याजोगा’ आहे हे पांढऱ्या पेशींना कळते. न्यूमोकॉकसच्या बाबतीतही ही प्रथिने चिकटतात. मात्र ती चिकटतात आवरणाच्या आत, भिंतीवर. वरच्या शर्करेच्या थरामुळे पांढऱ्या पेशीला तिथवर पोहोचताच येत नाही. अंगाला तेल चोपडलेल्या पैलवानासारखा हा जंतू पकडीतून निसटत राहतो. काही जंतू त्याहून बेरकी. लहान बाळांना मेंदूज्वर करणाऱ्या ई. कोलायच्या एका जातीचे आवरण आपल्याच मज्जापेशींवर असणाऱ्या शर्करेसारखे असते. शरीर त्याला परके समजायलाच तयार होत नाही.

जो थर पांढऱ्या पेशींना दाद देत नाही, तो रंगांनाही देत नाही. आवरणाचा बहुतेक भाग पाणीच असतो, आणि नेहमीचे रंग धरून ठेवायला त्यात फारसे काही नसते. रंग लावून स्लाइड धुतली की तो निघून जातो. शिवाय नेहमीच्या पद्धतीत स्लाइड ज्योतीवर धरून जंतू काचेला पक्के करतात. त्या उष्णतेने पाणी उडते आणि आवरण आक्रसते. कधी कधी उलटही घडते: आवरण नसलेली पेशी आक्रसून तिच्याभोवती मोकळी जागा उरते आणि नवखा तंत्रज्ञ तिलाच आवरण समजतो.

यावरचा उपाय म्हणजे जंतूला न रंगवता पार्श्वभूमी रंगवायची. हेच निगेटिव्ह स्टेनिंग. इंडिया इंक ही काजळीच्या बारीक कणांची काळी शाई. हे कण आवरणात शिरू शकत नाहीत, त्याच्या कडेशीच अडतात.

याचा सर्वांत परिचित उपयोग क्रिप्टोकॉकस ओळखण्यासाठी होतो. ही जंतू नव्हे, यीस्टच्या जातीची बुरशी. कबुतरांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत ती सापडते, श्वासावाटे शरीरात जाते आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला, विशेषतः उपचार न घेतलेल्या एचआयव्हीच्या रुग्णाला, मेंदूज्वर करते. अशा रुग्णाच्या पाठीतून काढलेले पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब स्लाइडवर घेऊन त्यात थेंबभर शाई मिसळतात आणि वर कव्हरस्लिप ठेवतात. स्लाइड वाळवायची नाही, भाजायची नाही. शाईचे प्रमाण मात्र जपावे लागते. थर इतका पातळ हवा की त्यातून छापील अक्षरे वाचता यावीत. शाई दाट झाली तर सगळाच अंधार, फार पातळ झाली तर आवरणाची कडच उमटत नाही.

जमले तर दृश्य देखणे असते. काळ्या पटावर गोल पेशी, तिची स्पष्ट भिंत आणि भोवती स्वच्छ पांढरे वलय. एखाद्या पेशीला बारीकसा कोंब फुटलेला असतो. तो दिसला की तंत्रज्ञाची खात्री पटते, कारण खरी गफलत होते ती पांढऱ्या पेशींशी. शाईत त्यांच्याभोवतीही फिकट कडे दिसू शकते. पण ते अस्पष्ट, विरत जाणारे असते, पेशीला ठसठशीत भिंत नसते आणि कोंब तर नसतोच. शंका उरली तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घालतात. त्यात पांढऱ्या पेशी विरघळतात, यीस्ट टिकते. उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या शाईतच बुरशी वाढल्याने घोटाळा होऊ शकतो, म्हणून निव्वळ शाईचा थेंबही अधूनमधून तपासावा लागतो.

या चाचणीची मर्यादा मोठी आहे. पाण्यात बुरशी कमी असेल, आणि एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत ती बऱ्याचदा कमीच असते, तर वलय नजरेस पडत नाही. याच आवरणाची शर्करा सुटून रक्तात आणि पाठीच्या पाण्यात उतरते. ती पकडणारी अँटिजेन पट्टी आता मिळते आणि शाईपेक्षा बरेच अधिक रुग्ण हुडकते. म्हणून लक्षणे तशी असतील, तर शाईची चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये. अँटिजेनची चाचणी करायला हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.