आधी वेलांटी वाचवा, मग डोकं पुढे आणा

मुखपृष्ठावरच्या बाईचं डोकं मासिकाच्या नावापुढे आलेलं असतं. अर्धं अक्षर केसांमागे गेलेलं दिसतं आणि सपाट कागदाला खोली आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात अक्षरं फोटोच्या वरच असतात. फक्त डोक्याएवढा भाग झाकलेला असतो, आणि हे झाकण म्हणजे मास्क. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते लपतं, करडं ते अर्धवट दिसतं. खोडरबराने गेलेलं अक्षर परत येत नाही. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की येतं.

एक उदाहरण घेऊ. क्रीम रंगाच्या भिंतीसमोर पणती घेतलेली स्त्री, अंबाड्यावर गजरा, आणि वर मरून रंगात ‘दिवाळी’. फोटोशॉपमध्ये फोटोचा लेयर धरून Select > Subject केलं की तिची आकृती निवडली जाते. मग अक्षरांच्या लेयरवर जाऊन Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक करायचं. डोक्यावरून जाणारं अक्षर लगेच मागे जातं. आता अक्षरं सरकवली तर मास्कही सोबत सरकतो आणि कपाळावर लाल तुकडा उमटतो. म्हणून लेयर आणि मास्क यांच्यामधली साखळी आधी क्लिक करून सोडवा.

खरी परीक्षा केसांची. सुट्या बटांमधून भिंतीचा क्रीम रंग डोकावतो आणि डोक्याभोवती फिकट कड उमटते, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. इथे अक्षरांच्या लेयरला Multiply लावायचं. त्यात काळ्या केसांवर मरून रंग जवळजवळ दिसतच नाही, तो भिंतीवर तेवढा उमटतो. मग मास्कची कडा केसांच्या थोडी आत घेतली तरी चालते, बटा आपोआप अक्षरांपुढे येतात. गजऱ्याला मात्र ही युक्ती लागू नाही. पांढरी फुलं सरळ मरून होतात, तिथे मास्क नेटका काळाच हवा. भिंत गडद असली तर Multiply काहीच कामाचं नाही.

एवढं जमलं तरी नाव वाचता आलं पाहिजे. इंग्रजी मासिकांच्या मुखपृष्ठांवर डोकं सर्रास नावाच्या वरपर्यंत जातं. आपण ते पाहून तसंच करतो आणि फसतो, कारण देवनागरीत ओळख बरीचशी वरच्या बाजूला असते. शिरोरेषेतली फट झाकली तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाटू शकतो. डोकं ‘दि’वर आलं तर वेलांटीच जाते. ते ‘वा’च्या खालच्या अर्ध्या भागावर आणा, शिरोरेषा सलग राहू द्या, म्हणजे शब्द तुटत नाही. त्यासाठी फोटो काढतानाच डोक्यावर भरपूर मोकळी जागा सोडायला हवी.

छपाईला देण्याआधी प्रिंट भिंतीला लावा आणि अंकाचं नाव माहीत नसलेल्या माणसाला चार पावलं लांबून वाचायला सांगा. तो अडखळला, तर डोकं खाली घ्या.