स्लॅबची जखम भरण्याचा हिशेब

मुंबईत, वसईत, अलिबागेत किंवा रत्नागिरीत पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून वर पाहिलं, की बहुधा कुठेतरी स्लॅबचं काँक्रीट पडलेलं असतं आणि आतली तांबूस सळई दिसत असते. पावसाळ्यात खाली तुकडा पडतो, सोसायटीची सभा बसते, ठेकेदार येतो, वर नजर टाकतो आणि ‘पॉलिमर मॉर्टर’चा भाव चौरस फुटात सांगतो. हा भाव ऐकताना रहिवाशांनी दोन प्रश्न विचारायलाच हवेत: क्षेत्रफळ कोणतं धरलं, आणि खोली किती धरली? सगळा खर्च आणि दुरुस्तीचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांवर उभं असतं, आणि खालून पाहून यांपैकी एकही नीट कळत नाही.

याचं कारण काँक्रीट पडतं कसं यात आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या अल्कलीमुळे सळईवर एक संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कली कमी करतो. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेतल्या क्लोराइडची भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे सळईभोवतीचं काँक्रीट आतून फाटतं. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग सळईच्या पातळीला थर सुटतो आणि शेवटी तो खाली येतो. पडलेला तुकडा म्हणजे या प्रक्रियेचं शेवटचं टोक. त्याच्या चारी बाजूंना सुटलेला, पण अजून लटकून राहिलेला भाग असतोच.

म्हणून पहिलं मोजमाप डोळ्यांनी नव्हे, कानांनी करायचं. लहान हातोडीने सगळा तळभाग ठोकत जायचं. घट्ट काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारायची. पडलेल्या जागेपेक्षा ही रेघ बरीच बाहेर जाते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. गॅलरीच्या स्लॅबखाली पडलेला भाग 60 बाय 50 सेंटिमीटर दिसतो आणि त्याची खोली साधारण 20 मिलिमीटर आहे. घनफळ काढायला एक सोपा नियम आहे: एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर जाडी म्हणजे बरोबर एक लिटर. (फुटा-इंचात मोजणाऱ्यांसाठी, एक चौरस फुटावर एक इंच जाडी म्हणजे सुमारे 2.36 लिटर.) इथे क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर, जाडी 20 मिलिमीटर, म्हणजे मॉर्टर 6 लिटर. नुसतं भोक बुजवायचं तर एवढंच लागेल, आणि बऱ्याच ठिकाणी काम एवढंच होतं.

आता तीच जागा नीट फोडून पाहू. आधी खालून टेकू लावायचे, कारण सळईभोवतीचं काँक्रीट काढताना स्लॅबची ताकद तेवढा वेळ कमी होते. हातोडीने आखलेली हद्द 1.2 मीटर बाय 0.8 मीटर निघाली. तिच्या कडेने कटरने साधारण 8-10 मिलिमीटर खोल सरळ काप घेतला, म्हणजे मॉर्टरला कडेला पातळ जीभ राहत नाही. पातळ कड सर्वांत आधी उचलते. मग सुटलेलं सगळं फोडून काढलं आणि गंजलेल्या सळयांच्या मागेही बोट जाईल इतकी, म्हणजे 20-25 मिलिमीटर, जागा मोकळी केली. हा टप्पा टाळला तर सळईच्या वरच्या बाजूचा गंज तसाच राहतो आणि नवा थर दोन-चार वर्षांत तोच गंज खाली ढकलतो.

खोली वाढते ती इथे. या स्लॅबला सळईखाली 15 मिलिमीटरच आवरण होतं, सळई 8 मिलिमीटरची, मागे 20 मिलिमीटर मोकळं, म्हणजे सळईच्या जागी खोली 43 मिलिमीटरच्या आसपास. कडेकडे ती कमी. सरळ पट्टी आडवी धरून नऊ ठिकाणी मोजलं: 20, 24, 28, 43, 42, 44, 30, 26, 22. सरासरी 31 मिलिमीटर. क्षेत्रफळ 0.96 चौरस मीटर, म्हणजे घनफळ जवळजवळ 30 लिटर. खालून 6 लिटर वाटलेलं काम पाचपट निघालं. यात ठेकेदाराची लबाडी नाही आणि रहिवाशांचा अडाणीपणाही नाही. आधी दिसत नव्हतं ते आता दिसलं, इतकंच.

म्हणून निविदेतला आकडा अंदाज मानावा आणि बिल फोडल्यानंतरच्या मोजमापावर द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सरासरी 25 मिलिमीटर जाडी’ असा दर ठरवून मोकळं होण्याची पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात दोन्ही बाजूंना भांडणाची सोय आहे. खोली जास्त निघाली तर ठेकेदार सळईमागचं फोडणं टाळतो, कमी निघाली तर सोसायटी न वापरलेल्या मॉर्टरचे पैसे देते. फोडून झाल्यावर आणि मॉर्टर लावण्यापूर्वी, ठेकेदार, अभियंता आणि सोसायटीचा एक सभासद यांनी एकत्र उभं राहून लांबी, रुंदी आणि खोली वहीत लिहावी, पट्टीसकट फोटो काढावा. मॉर्टर चढल्यावर खोली कोणालाच दाखवता येत नाही.

आता घनफळावरून माल. छतावर खालून मॉर्टर लावताना काही पडतं, काही घमेल्यात सुकतं. 15 टक्के नुकसान धरलं तर 30 चे 34 लिटर होतात. आपल्याकडे जागेवर बनवलेल्या पॉलिमर मॉर्टरसाठी 1:5:15 हे प्रमाण रूढ आहे: वजनाने एक भाग पॉलिमर, पाच भाग सिमेंट, पंधरा भाग क्वार्ट्‌झ वाळू. पॉलिमर म्हणजे बहुधा एसबीआर किंवा ॲक्रिलिकचं दुधासारखं पांढरं द्रव. तयार मॉर्टर लिटरमागे सुमारे 2.1 किलो भरतं, म्हणजे 34 लिटरचे 72 किलोच्या आसपास. त्यात सिमेंट साधारण साडेसोळा किलो, वाळू 50 किलो, पॉलिमर 3.3 किलो आणि उरलेलं थोडं पाणी. तयार मिश्रणाची पिशवी आणली तर तिच्यावर किती लिटर मॉर्टर होतं ते छापलेलं असतं. 25 किलोची पिशवी साधारण 13 लिटरच्या आसपास देते, म्हणजे इथे तीन पिशव्या. हा आकडा सोसायटीच्या हाती असला, की आणलेले डबे आणि पिशव्या मोजून काम तपासता येतं. एका गॅलरीसाठी अर्धा लिटर पॉलिमर आलं असेल, तर वर चढलेलं मॉर्टर नावापुरतंच पॉलिमरचं आहे.

लावण्याच्या कामात दोन ठिकाणी घोळ होतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासून गंजरोधक लेप दिला आणि जुनं काँक्रीट ओलसर केलं, की त्यावर पॉलिमर-सिमेंटचा पातळ जोडलेप ब्रशने लावतात. हा लेप चिकट असतानाच मॉर्टर दाबायचं. जेवणाची सुट्टी झाली, लेप वाळला, की तो जोडण्याऐवजी दोन थरांना वेगळं करतो आणि पुन्हा लावावा लागतो. दुसरी चूक म्हणजे 31 मिलिमीटर एकाच थरात चढवणं. छताखाली एक थर 10-15 मिलिमीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने सुटतो आणि मागे पोकळी राहते. आधी सळईमागची खोल जागा भरायची, पृष्ठभाग ओरखडायचा, तो पकडला की पुढचा थर. खोली 50 मिलिमीटरच्या पलीकडे गेली तर हाताने थापण्याचा हट्ट सोडून साचा लावून मायक्रो काँक्रीट ओतावं. सळईचं छेदक्षेत्र चौथ्या हिश्श्याने किंवा अधिक घटलं असेल, तर शेजारी नवी सळई टाकण्याचा निर्णय अभियंत्याने घ्यायचा. मॉर्टर कितीही चांगलं असलं तरी ते गेलेल्या पोलादाची भरपाई करत नाही.

तड्यांचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे रुंदी मिलिमीटरच्या भागात असते. लिफ्टच्या 200 मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीत अडीच मीटर लांब, 0.4 मिलिमीटर रुंद आरपार तडा आहे असं समजा. घनफळ 2.5 गुणिले 0.2 गुणिले 0.0004, म्हणजे 0.0002 घनमीटर, अर्थात 200 मिलिलिटर. पातळ इपॉक्सीची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, म्हणून 220 ग्रॅम. नळीत, पंपात आणि बाहेर ओघळण्यात जातं ते धरून दुप्पट माल ठेवतात. तड्यावर साधारण भिंतीच्या जाडीइतक्या अंतराने, म्हणजे इथे 200 मिलिमीटरवर, तेरा-चौदा नोझल बसवायची आणि मधला तडा इपॉक्सी पुट्टीने बंद करायचा. लिफ्टच्या पोकळीकडची बाजूही बंद करायला विसरू नये, नाहीतर भरलेलं सगळं रेझिन पलीकडून खाली वाहून जातं. पुट्टी कडक झाल्यावर सर्वांत खालच्या नोझलपासून सुरुवात करायची. वरच्या नोझलमधून रेझिन बाहेर आलं की खालचं बंद करून वर सरकायचं.

पण कुठला तडा भरायचा, याचा निर्णय आधी. सळईच्या रेषेत गेलेला, कडेला तांबूस डाग असलेला तडा इपॉक्सीने भरू नये. तो गंजाचा आहे, तिथे फोडून सळई उघडी करावी लागते. जो तडा अजून हलतो आहे तोही भरू नये, कारण इपॉक्सी कडक होते आणि शेजारीच नवा तडा जातो. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे ठेवली आणि ती तुटली, तर तडा जिवंत आहे. आणि ज्यातून पाणी येतं त्यासाठी पाण्याशी प्रतिक्रिया होऊन फुगणारं पॉलियुरेथेन वापरतात, कारण ओल्या फटीत सामान्य इपॉक्सी नीट चिकटत नाही.

काम झाल्यावर आत काय घडलं हे दिसत नाही, तरी प्रत्येक नोझलमधून गेलेलं रेझिन लिहून ठेवलं तर बरंच कळतं. आपला हिशेब 220 ग्रॅमचा होता. एकूण 50 ग्रॅमच गेलं असेल तर तडा मध्येच धुळीने किंवा पुट्टीने बंद झाला आहे, आणि दोन किलो गेलं असेल तर ते पलीकडे वाहिलं किंवा भिंतीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ काँक्रीट आहे. दोन्ही वेळा काम थांबवून शोध घ्यायचा, आणि मगच बाकीच्या तड्यांना हात लावायचा.