ग्रुपवरच्या थट्टेची हद्द ठरवणारा संदेश

कामाच्या ग्रुपवर थट्टामस्करी कुठवर चालेल हे सांगणारा टीमप्रमुखाचा संदेश बहुधा दहा-बारा ओळींचा असतो. तो लिहिला जातो काहीतरी खटकल्यावर, त्याच दिवशी, घाईत. त्यामुळे त्यात "सर्वांनी ग्रुपची शिस्त पाळावी" यापलीकडे फारसे काही उरत नाही. अशा संदेशातून ज्याने टोमणा मारला त्याला तो आपल्यासाठी आहे हे कळत नाही, आणि ज्याने काहीच केलेले नाही तो मात्र आपले काय चुकले या विचारात पडतो.

पुण्यातल्या एका ग्राहकसेवा टीमचे उदाहरण घेऊ. टीममध्ये चौदा जण आहेत. कुणी नागपूरचे, कुणी कोल्हापूरचे, कुणी सोलापूर जिल्ह्यातल्या गावचे, तर काही जण जन्मापासून पुण्यातले. नागपूरचा तरुण सहकारी रात्रपाळीत लिहितो, "काय बे, रिपोर्ट कुठे अडकला?" त्याच्या गावी मित्रामित्रांत 'बे' हा 'अरे'सारखा सहज येतो. पुण्यातल्या, दहा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला मात्र तो उर्मटपणा वाटतो. त्याच आठवड्यात सोलापूरकडचा नवा मुलगा कामाबद्दल आवाजी संदेश पाठवतो. त्याच्या बोलण्यात 'पानी' येते, 'आनि' येते. लगेच कुणीतरी टाइप करतो, "पानी की पाणी, नक्की काय?" त्याखाली पाच हसरे चेहरे उमटतात. त्यातला एक टीमप्रमुखाचा असतो.

या दोन प्रसंगांतला फरक नीट ओळखणे हेच संदेश लिहिण्यातले खरे काम आहे. पहिला प्रसंग शब्दाच्या अर्थाचा आहे. 'बे' म्हणजे काय हे एकदा सांगितले, मोठ्या सहकाऱ्याने "मला अहो म्हणत जा" असे स्पष्ट केले, की तो मिटतो. दुसऱ्यात एकही शिवी नाही, एकही अपशब्द नाही, तरी जखम तिथेच झाली आहे. मराठीत 'न' आणि 'ण' यांवरून माणसाचे गाव, शाळा आणि जातही जोखली जाते. शिष्टसंमत उच्चार शहरी, शिकलेल्या वर्गाच्या बोलीवरून ठरला आणि बाकीच्यांच्या घरची बोली 'अशुद्ध' ठरली. म्हणून ही थट्टा उच्चारावर थांबत नाही, ती घरापर्यंत पोचते. शिवाय तिला उत्तर देण्याची सोय नसते. सगळ्यांबरोबर हसायचे किंवा गप्प बसायचे, एवढेच त्या मुलाच्या हाती राहते.

बंदी घातलेल्या शब्दांची यादी इथेच निकामी ठरते. यादीत 'बे' सापडेल, 'च्यायला' सापडेल; 'पानी की पाणी' कुठल्याच यादीत सापडणार नाही. वर त्या यादीतल्या शब्दांचीच ग्रुपवर नवी थट्टा सुरू होते. नियम शब्दाचा न करता रोखाचा करावा लागतो. विनोद कामावर, यंत्रावर, स्वतःवर आहे की समोरच्याला बदलता न येणाऱ्या एखाद्या गोष्टीवर, हे पाहावे लागते.

संदेशाआधी दोन गोष्टी आटोपाव्या लागतात. ग्रुपवरच्या मागच्या तीन-चार आठवड्यांच्या गप्पा सलग वाचाव्यात. विनोद फिरता आहे की दर वेळी एकाच माणसावर येऊन थांबतो, हे त्यातून दिसते. मग दोघांशी वेगवेगळे, समोरासमोर किंवा फोनवर बोलावे. ज्याची थट्टा झाली त्याला ग्रुपवर त्या प्रसंगाचा उल्लेख हवा आहे का, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. बहुतेकांना तो नको असतो. नाव घेऊन बाजू मांडली, की तीच थट्टा सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा होते. जुना संदेश पुसूनही फारसे साधत नाही. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने संदेश हटवला तरी तो हटवल्याची खूण तिथे राहते, आणि न वाचलेलेही विचारू लागतात की काय होते.

एक-दोन दिवसांनी, कामाच्या वेळेत, पुढील धर्तीचा संदेश जाऊ शकतो:

"मंडळी, ग्रुपवरच्या गप्पांबद्दल थोडे. गप्पा बंद करायच्या नाहीत, रात्रपाळीला त्यांचा आधार असतो. 'बे', 'भावा', 'विषय हार्ड' चालेल. समोरच्याला चालते का, तेवढे एकदा विचारून घ्या. कुणी 'अहो म्हणा' म्हटले, तर कारण न विचारता तसे म्हणायचे. कुणाचे उच्चार, गाव, जात, धर्म, रंग, अंगकाठी, लग्न यांवर विनोद नको, लाडानेही नको. ग्राहकांची नावे थट्टेत नकोत. मागे अशा एका विनोदावर मीही हसरा चेहरा टाकला होता, तो टाकायला नको होता. काही खटकले तर मला फोन करा, ग्रुपवर सांगावे लागणार नाही. माझेच खटकले तर एचआरकडे जा."

यात काय चालेल हे आधी आले आहे. नुसते 'नको' ऐकलेला ग्रुप दोन दिवसांत मुका होतो. 'लाडानेही नको' हे शब्द मुद्दाम आहेत, कारण 'टकल्या', 'जाड्या' ही नावे प्रेमाने ठेवली जातात आणि "आम्ही तर मजेत म्हणतो" हाच बचाव नेहमी येतो. प्रमुखाने स्वतःची चूक एका वाक्यात मान्य केली आहे. हे वाक्य गाळले तर बाकीचा संदेश पोकळ ठरतो, कारण वरिष्ठाचा हसरा चेहरा टीमने परवानगी म्हणूनच वाचलेला असतो.

या संदेशाच्या आवाक्याबाहेरचीही काही प्रकरणे असतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार, नकोशी वाटणारी लैंगिक स्वरूपाची टिप्पणी छळात मोडते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. सहकारी स्त्रीच्या कपड्यांवर किंवा शरीरावर ग्रुपवर शेरा पडला असेल, तर "ग्रुपवर जपून बोला" म्हणून विषय मिटवण्याचा अधिकार टीमप्रमुखाला नाही. समिती आहे, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते आणि त्या संभाषणाची चित्रे जपून ठेवावीत, हे तिला सांगणे त्याचे काम आहे. जातीवाचक अपमानही असाच ग्रुपच्या नियमांत बसवता येत नाही.

संदेश लागू पडला की नाही हे त्याखालच्या अंगठ्यांवरून कळत नाही. सोलापूरकडच्या त्या मुलाने थट्टेनंतर आवाजी संदेश पाठवणे सोडले होते. तो ग्रुपवर फक्त 'ओके' लिहायचा आणि अडचणी एका मित्राला खाजगीत विचारायचा. त्याचा आवाज ग्रुपवर पुन्हा ऐकू येऊ लागणे ही खरी खूण. उलट संदेशानंतर ग्रुप एकदम शांत झाला, कामापुरत्या दोन ओळी येऊ लागल्या, तर टीमने प्रमुखाला वगळून दुसरा ग्रुप काढला असण्याची शक्यता मोठी. तो शोधून काढण्याच्या फंदात पडू नये. मित्रांनी आपापसांत बोलण्यात गैर काही नाही. मात्र कामाचे निर्णयही तिकडेच होऊ लागले आणि कुणा एकाला त्याची खबर नसली, तर पुन्हा एकदा, एकेकाशी वेगळे बोलण्यापासून सुरुवात करावी लागते.

नवा माणूस टीममध्ये आला की जुना संदेश वर कुठेतरी गेलेला असतो. म्हणून त्यातल्या तीन-चार ओळी ग्रुपच्या माहितीत कायमच्या ठेवाव्यात, आणि पहिल्याच दिवशी त्याला विचारावे की त्याला काय म्हणून हाक मारलेली आवडेल.