शेततळ्याचा खर्च आधी कसा काढायचा?

जालना तालुक्यातलं कडवंची द्राक्षांइतकंच शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. अशा गावात नवं तळं घेणारा पहिल्यांदा शेजाऱ्यालाच खर्च विचारतो. हा तुलनेचा अंदाज, म्हणजे ॲनालॉगस पद्धत. तळं घ्यायचं की नाही, एवढं ठरवायला तो पुरतो, पण दोन्ही तळी आकाराने आणि जमिनीने सारखी हवीत.

समजा, शेजाऱ्याचं तळं 20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल आहे. त्याला खोदाईचे 44 हजार, प्लॅस्टिक अस्तराचे 60 हजार आणि कुंपणाचे 26 हजार लागले. एकूण 1 लाख 30 हजार. तुम्हाला 30 बाय 30 चं, तेवढंच खोल हवंय. बाजू दीडपट म्हणून खर्च दीडपट धरला, तर 1 लाख 95 हजार येतात. हा आकडा फसवा आहे.

इथे पॅरामेट्रिक पद्धत लागते: माप गुणिले दर. कडांचा उतार 1:1 धरला, तर लहान तळ्याची खोदाई 876 घनमीटर आणि मोठ्याची 2,196 घनमीटर, म्हणजे अडीचपट. अस्तराचं क्षेत्र सुमारे 2.1 पट होतं, कुंपण मात्र दीडपटच. प्रत्येक बाब आपापल्या मापाने वाढवली की खर्च 2 लाख 77 हजारांच्या आसपास जातो. किती मोठं तळं परवडेल हे ठरवायला, किंवा गावातल्या अनेक तळ्यांचा एकत्रित आराखडा करायला, मला हीच पद्धत योग्य वाटते. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं अनुदानही आकारमानानुसारच होतं, कमाल 50 हजार रुपये.

पण या हिशेबात जमीन सगळीकडे सारखीच धरलेली असते. जालन्यात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कठीण खडक लागू शकतो. म्हणून पोकलेनवाल्याशी व्यवहार ठरवण्याआधी तळापासूनचा, म्हणजे बॉटम-अप अंदाज करावा. तळ्याच्या जागी दोन-तीन ठिकाणी पूर्ण खोलीचे चाचणी खड्डे घ्यायचे, कोणता थर किती जाड आहे ते मोजायचं आणि प्रत्येक थराला वेगळा दर लावायचा. तळाचा एक मीटर खडक निघाला, तर ते सुमारे 625 घनमीटर होतं. माती-मुरमाला घनमीटरमागे 50 रुपये आणि ब्रेकरने खडक फोडायला 200 रुपये धरले, तर जवळजवळ 94 हजारांची भर पडते आणि खर्च 3 लाख 70 हजारांवर जातो. शिवाय टोकदार दगडांनी अस्तर फाटू नये म्हणून तळ आणि कडा साफ करण्याची मजुरी, कडेच्या चरात दाबायचं जादा प्लॅस्टिक आणि त्याच्या जोडांचं काम, याही बाबी याच यादीत येतात. शेजाऱ्याच्या एकूण आकड्यात त्या दिसत नाहीत.

या पद्धतीला वेळ लागतो आणि खड्ड्यांचा खर्चही येतो. जागाच नक्की नसेल, तर तो करू नये. आणि चाचणी खड्डे न घेता केलेली तपशीलवार यादी कितीही लांब असली, तरी खडकाच्या बाबतीत ती शेजाऱ्याच्या आकड्याहून भरवशाची नसते.