काकांसाठी सोळा मात्रांचं गाणं

शाळेच्या बसमधल्या काकांचे आभार मानणारं गाणं वर्गाने स्वतःच रचावं. ओळीत सोळा मात्रा धरल्या की केरव्याची दोन आवर्तनं होतात आणि टाळी आपोआप बसते. मोजणी सोपी आहे: ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ दोन. आम्ही असं जुळवून पाहिलं:

काका, काका, हॉर्न वाजला,
धावत आलो, डबा राहिला!
थांबला तुम्ही, म्हणुन पोचलो,
थँक्यू काका, थँक्यू काका!

‘काका, काका’ आठ, ‘हॉर्न वाजला’ आठ. ‘म्हणून’चं ‘म्हणुन’ केलं, नाहीतर एक मात्रा वाढते. ‘आभारी आहोत’ मात्र मनापासून म्हटलं तरी अकरा मात्रांचं. ते अर्ध्या ओळीत मावत नाही आणि मुलं तिथे घाई करतात. अशी घाई ऐकू आली की शब्द बदलावा, मुलांना दामटू नये.

चाल सा ते प एवढ्यातच फिरवावी. मोठ्यांनी उंच सूर धरला तर मागच्या बाकावरची मुलं ओरडू लागतात. तेव्हा सा खाली आणावा. शेवटची ओळ सगळ्यांनी दोनदा म्हणावी. पुढचं कडवं मुलांकडूनच घ्यावं, कारण पावसात दप्तर कुणी वर ओढून घेतलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.