पाण्यात टिकणारा रवा

पेरणीनंतर जोराची सर येते, मग चार दिवस ऊन तापते आणि वावरावर खपली धरते. सोयाबीनचा कोंब तिच्याखाली अडकतो, त्याची मान मोडते. दोष पावसाला दिला जातो. पण तोच पाऊस बांधावरच्या गवतातही पडलेला असतो आणि तिथे सहसा खपली नसते, कारण मुळांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी तिथल्या मातीचे रवे बांधून ठेवलेले असतात. वारंवार नांगरलेल्या, शेणखत न मिळालेल्या वावरात हे बंध तुटतात. मग कोरडा रवा एकदम भिजला की पाणी चहूबाजूंनी आत शिरते, आतली हवा कोंडते आणि रवा फोडून बाहेर पडते. सुटलेले बारीक कण वरची छिद्रे बुजवतात. तो थर वाळला की खपली.

ही बांधणी मोजण्याची पद्धत साधी आहे. योडर यांनी १९३६ मध्ये पाण्यात चाळण्याचे यंत्र मांडले. केम्पर आणि रोझेनाऊ यांची १९८६ची सुटसुटीत रीत आज बरीच वापरली जाते. सावलीत वाळवलेल्या मातीतले १ ते २ मिलिमीटरचे रवे ४ ग्रॅम घ्यायचे, ०.२५ मिलिमीटरच्या चाळणीत ठेवायचे आणि चाळणी डिस्टिल्ड पाण्यात ३ मिनिटे खालीवर करायची. पाणी डिस्टिल्डच हवे. बोअरच्या पाण्यातले क्षार चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात आणि कमकुवत मातीही मजबूत भासते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

समजा, १.६ ग्रॅम माती चाळणीतून गळाली आणि २.४ उरली. म्हणजे ६० टक्के टिकली? नाही. उरलेली माती विलग करणाऱ्या रसायनात फोडून पुन्हा चाळल्यावर ०.८ ग्रॅम वाळू निघाली. वाळूचा कण टिकतो तो कण म्हणून, रवा म्हणून नव्हे. ती दोन्हीकडून वजा केली की ३.२ पैकी १.६, म्हणजे निम्मेच रवे टिकले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती यापुढची पायरी. तीच माती आधी बाष्पाने हळूहळू भिजवून चाळावी. आता फक्त ०.७ ग्रॅम गळाली, तर टिकलेले रवे ७८ टक्के होतात. मधला फरक कोंडलेल्या हवेचा. अशा वावरात मुळे, शेणखत, पृष्ठभागावर पालापाचोळा आणि कमी मशागत यांचा उपयोग होतो. हे आकडे ऋतूप्रमाणे आणि नमुना घेतानाच्या ओलीप्रमाणे बदलतात, म्हणून तुलना एकाच महिन्यातल्या नमुन्यांची करावी.

हळू भिजवूनही रवे विरघळले आणि पाणी दुधासारखे गढूळच राहिले, तर संशय सोडियमवर घ्यावा. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या चोपण जमिनींत हे दिसते. तिथे नुसत्या शेणखताने भागत नाही. माती परीक्षणात सोडियम ठरला की मात्रेनुसार जिप्सम द्यावे लागते आणि सुटलेला सोडियम वाहून जायला चर काढावे लागतात.